पाकिटाच्या टोकाचा आकडा

भाद्रपदातली दुपार होती. आमी दोघं नवरा-बायको ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मूग खरं तर बडवून घेतात, पण त्या साली तो एवढा थोडा आला की बडवायला काठी उचलायचीही लाज वाटावी. ती अंगठ्यानं शेंग उकलायची आणि दाणे बरोबर सुपात पडायचे. मी उकलली की निम्मे दाणे अंगणात.

"कोंबड्या पाळल्यात का तुमी?" ती म्हणाली. "न्हाईतर हे कुणासाठी पेरायलात?"

"उगवलं तर तुझंच."

"माझं कशाला? तुमच्या हातानं पेरलेलं कधी उगवलंय का?"

असं बोलायची ती. मीही काही कमी नव्हतो. चाळीस वर्षांत आमी एकमेकांना एक शब्द गोड बोललो नसू, पण एका ताटाची सवय झालेली. संध्याकाळी भाकरी खाऊन तिनं चंचीतून गोळी काढली, पाण्यासंगं घेतली आणि सूप आत नेऊन ठेवलं. बास. एवढंच.

सकाळी तिला झटका आला. फेफऱ्याचे झटके तिला तरणेपणापासून होते, पण रोजच्या गोळीनं सात-आठ वर्षं दबलेले होते. त्या दिवशी एक थांबला तोच दुसरा. तिसऱ्यानंतर तिचे डोळे माझ्याकडं वळलेच न्हाईत. आमच्या वालूरहून सेलू काही लांब न्हाई, पण जीप मिळून तिथल्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. सही करतो, मराठी अडखळत वाचतो, घड्याळातले आणि नोटेवरचे आकडे कळतात. त्यामुळं हे लिहायला मला लय दिवस लागलेत. लिहितोय ते एका गोष्टीसाठी.

गोळ्यांचं ते शेवटचं पाकीट, म्हंजे चंदेरी पत्र्याची पट्टी, ती जायच्या थोडे दिवस आधी मीच आणलं होतं. सेलूच्या बाजारातून, घाईत, खताच्या गाडीवर परत यायचं होतं म्हणून. घरी आलो तर ती म्हणाली, "तारीख बघितली का?" आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईनं बायांना शिकवलं होतं की औषध घेताना तारीख बघत जा. मी बघितली नव्हती. कुठं असते तेही मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "बघितली." तिनं पाकीट गुंडाळून चंचीत घातलं. पान-सुपारीची चंची, तिला पाकीटही तसंच गोल करून खोचायची सवय होती.

तेराव्याला आलेल्या पाहुण्यांतलं कुणीतरी बोललं, "गोळ्या चालू होत्या म्हणता, मग असं कसं झालं?" त्यांनी सहज विचारलं. पण पाहुणे गेले आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. गोळी मेलेली होती का? मुदत संपलेली गोळी मी तिला आणून दिली का?

मी चंची काढली. आत पाकीट होतं, त्यात थोड्या गोळ्या शिल्लक. गुंडाळून गुंडाळून त्याला कमानीसारखा बाक आलेला. औषधाचं नाव निळ्या शाईत छापलेलं, ते दिसत होतं. तारीख कुठं दिसेना. आता बाक आलेली वस्तू दिसली की ती सरळ करायची, हा माझा जन्माचा धंदा. वाकडा खिळा, पत्र्याची बादली, बैलाची मेख, सगळं मी ठोकून सरळ करत आलोय. मी पाकीट पाट्यावर ठेवलं आणि उजव्या टोकावरून वरवंटा फिरवला. दोनदा. नीट दाबून. गोळ्या फुटतील म्हणून तेवढ्यावर थांबलो, बाकीचं तसंच वाकडं राहिलं. मला वाटलं, चांगलं काम झालं.

मग पाकीट घेऊन शेजारच्या गुरुजींकडं गेलो. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, इंग्रजी येतं. त्यांनी ते उन्हात धरलं, तिरपं केलं, चष्मा कपाळावर चढवला.

"आबा, नुसतं नाव छापलेलं हाय. बाकीचं ठोकलेलं हाय."

"ठोकलेलं म्हंजे?"

"शाई न्हाई त्याला. कारखान्यात पत्र्यावर ठसा मारतात, अक्षर उठून येतं. उजेड समोरून पडला तर दिसत न्हाई, आडवा पडला तर सावलीनं दिसतं." त्यांनी बोट ठेवलं. "इथं डाव्या अंगाला बॅच नंबर हाय. एका खेपेला जेवढ्या गोळ्या बनल्या, त्या सगळ्यांना हा एकच नंबर. मधी बनवल्याची तारीख. अन् इकडं उजव्या टोकाला..." ते थांबले. "हे टोक एवढं सपाट कसं झालं?"

मी सांगितलं.

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यावर घेतला. मग म्हणाले, "मुदत संपायची तारीख त्याच टोकाला होती, आबा."

त्यांच्या पडवीत एक बाज होती, तिच्यावर बसलो. हातातून काहीतरी सांडावं आणि ते मातीत मुरताना बघत बसावं, तसं झालं.

"कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा की," मी म्हणालो. पोरं आठ आण्याच्या नाण्यावर फिरवतात तसं.

"पत्रा पातळ हाय. पेन्सिल फिरवली तर उरलंसुरलं बी दबंल. अन् तुमी आता काहीच फिरवू नका," ते म्हणाले.

सेलूच्या दुकानदाराकडं गेलो. त्यानं पाकीट लांबूनच बघितलं, हात लावला न्हाई. "माझ्याकडचंच कशावरून? चिठ्ठी हाय का?" चिठ्ठी कुठली! दवाखान्यातले डॉक्टर भले होते. त्यांनी खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. "मुदत संपलेली गोळी विष होत नाही, बाबा. तिचं बळ कमी झालेलं असू शकतं. पण ताज्या गोळीवरही झटका येऊ शकतो. नुसत्या तारखेवरून मी काही सांगू शकत नाही. आणि तारीख तरी कुठं दिसतीय?" म्हंजे तारीख कळली तरी सगळं कळणार नव्हतं. तरीपण मला ती हवी होती. निदान तेवढं.

डॉक्टरांनीच परभणीच्या औषध कचेरीची वाट सांगितली. तिथल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, पण तोंडात 'आजोबा'.

"आजोबा, चिठ्ठी नसली तरी बॅच नंबर आहे ना? दुकानदाराच्या खरेदीच्या बिलावर बॅच नंबर असतो. तो जुळला तर माल त्याचाच. आणि कंपनीच्या दप्तरात त्या बॅचची दोन्ही तारखांची नोंद असते. मी पत्र लिहीन. पण पाकीट इथं जमा करावं लागेल."

"करतो की."

"थांबा. जमा केलं की त्याला सील लागणार आणि ते जाणार तपासायला. मग तुमच्या हातात काही राहत नाही, माझ्या फायलीतही नाही. आधी फोटो काढून आणा. तिन्ही गोष्टी वाचता आल्या पाहिजेत, बॅच, बनवल्याची तारीख आणि मुदत. एक प्रत अर्जाला लावा, एक घरी ठेवा."

माणसाचा फोटो काढतात हे माहीत होतं. तिचा एकही नव्हता. आता तिच्या गोळ्यांचा काढायचा.

सेलूत स्टेशनच्या रस्त्याला एक फोटोवाला होता. त्याच्या दुकानाच्या भिंतीवर बाहेरून चुन्यानं मोठ्या अक्षरात नामांतराची घोषणा लिहिलेली, आणि आत नवरा-नवरीचे फोटो टांगलेले. मी पाकीट पुढं केलं तर तो हसला.

"काका, ही नवरी लय चमकती. नाव काय हिचं?"

मी सांगितलं कशाचं पाकीट आहे ते. त्यानंतर त्यानं ते पाकीट तळहातावर अंडं घ्यावं तसं घेतलं.

पहिला फोटो त्यानं सवयीप्रमाणं झगझगीत दिवा मारून काढला. त्याचा पांढरा डाग तेवढा येणार, हे त्याला काढतानाच कळलं. "वाया गेला. चांदीवर समोरून उजेड मारला की ती आपल्याच तोंडावर फेकती." मग दार लावलं, पडदे ओढले, मोठा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला आणि पाकीट काळ्या कपड्यावर ठेवलं. कॅमेऱ्याच्या पुढं आणखी एक नळी बसवली, जवळचं मोठं दिसावं म्हणून. टेबलावरचा दिवा त्यानं पार खाली आणला, पाकिटाच्या पातळीला, एका बाजूनं. आणि अंधारात त्या पत्र्यावर अक्षरं उभी राहिली! डाव्या टोकाची. एकेका अक्षराला सावली.

"ही बॅच. आता मधलं बघू." मधलं दिसेना. पाकिटाला बाक होता ना, उजेड डावीकडं लागला की मधी अंधार. दिवा सरकवला, मधलं उजळलं तर डावं गेलं.

"एका फोटोत तिन्ही यायचे न्हाईत," तो म्हणाला. "तीन तुकड्यांत काढू. प्रत्येकाला दिव्याची जागा वेगळी."

"सपाट केलं तर?" मी विचारलं. अजून माझी खोड गेली नव्हती.

"सपाट केलं तर अक्षरंच जातात, काका. उठावाचं काम हाय. उठाव दाबला की संपलं." असं म्हणून त्यानं दिवा उजव्या टोकाकडं नेला आणि तिथं थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग दिवा आणखी खाली घेतला.

उजवं टोक त्यानं चार वेळा काढलं. दिवा वरून, खालून, या अंगानं, त्या अंगानं. पाकीट उलटं करूनही काढलं. मागच्या बाजूनं अक्षरं खोलगट आणि उलटी दिसतात. तो म्हणाला, काच उलटी घालून छापली की सुलटी येतील; निगेटिव्हला तो काच म्हणायचा. मला त्याचं कौतुक वाटलं. स्वतःच्या कामात असा गुंतलेला माणूस मी शेतात सुद्धा कमी बघितलाय.

"रोल संपला की धुतो. एक लग्न हाय, चातुर्मास न मानणाऱ्यांचं, ते झालं की या."

लग्न होईपर्यंत आठवडा गेला. तेवढे दिवस मी नुसता ओसरीवर बसून. कुणी विचारलं तर सांगायचो, फोटो यायचाय. लोकांना वाटायचं, तिचा.

गेलो तेव्हा त्यानं छोट्या छोट्या फोटोंचा एक लांब कागद पुढं ठेवला. हळद, वरमाला, पंगत, आणि त्यांच्या आधी ओळीनं आमचं पाकीट. मग मोठे केलेले फोटो दाखवले. बॅच नंबर सुरेख आला होता, मलाही आकडे वाचता आले. बनवल्याची तारीख, मार्च त्र्याऐंशी. आणि शेवटच्या फोटोत फेब्रुवारी, पुढं आठ, आणि आठाच्या पुढं...

"पाच," मी म्हणालो.

"किंवा सहा," तो म्हणाला.

ती गेली तो पंच्याऐंशीचा भाद्रपद. फेब्रुवारी पंच्याऐंशी असेल तर गोळ्यांची मुदत सहा महिन्यांमागं संपली होती, आणि मी त्या तिला आणून दिल्या होत्या. शहाऐंशी असेल तर अजून पाच महिने चांगल्या होत्या.

त्यानं भिंग दिलं. "हे बघा. वरचा आडवा दांडा हाय, खालचं पोट हाय. पोटाच्या डाव्या अंगाला ही बारीक रेघ दिसती का? ती आकड्याची असंल तर सहा. पण पत्रा दबलाय तिथं. दाबताना पडलेली सुरकुती असंल, तर पाच."

"मग दिवा दुसरीकडून लावा."

"चारी बाजूंनी लावला की! सुरकुतीची बी सावली पडती अन् आकड्याची बी पडती. सावलीला काय ठाऊक ती कुणाची हाय."

"अन् उलट्या बाजूनं?"

"तिथं तर सगळंच पुसट."

मी भिंग धरून किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. बघावं तसं दिसायचं. पाच म्हणून बघितलं की पाच, सहा म्हणून बघितलं की सहा.

फोटोवाला मागं आला आणि हळूच म्हणाला, "काका, तुमाला काय पायजे?"

"म्हंजे?"

"काचेवर पेन्सिलीनं काम करता येतं. नवरीच्या तोंडावरचे देवीचे वण घालवतो मी, नवऱ्याच्या डोळ्याखालचं काळं घालवतो. ती एक रेघ काय मोठी गोष्ट! घालवली की स्वच्छ पाच. दुकानदार सापडला समजा. मी बी ओळखतो त्याला, लय मातलेला हाय."

खरं सांगतो, मला पाचच हवा होता. लोकांना वाटेल सहा हवा असेल, माझ्या हातून काही झालं न्हाई म्हणायला. न्हाई. सहा निघाला तर ती उगाचच गेली, आणि ते कुणाला सांगणार? पाच निघाला तर बोट दाखवायला एक माणूस तरी होता. भले माझंही नाव त्यात आलं असतं.

"करा," मी म्हणालो.

तो आत गेला. परत आला तेव्हा ओला फोटो चिमट्यात धरलेला. पाच. दुकानाच्या पाटीवर असावा तसा. त्यानं आधीचाही दिला. "दोन्ही ठेवा. कुठला लावायचा ते तुमचं तुमी बघा."

संध्याकाळी दिवे लागायच्या वक्ताला गुरुजींच्या पडवीत दोन्ही ठेवले. काही न सांगता. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला.

"हा कसा काय एवढा साफ आला?"

मी सांगितलं.

"आबा, पाकीट बी जमा करायचंय ना? साहेब फोटोतला पाच बघंल अन् पत्र्यावर बोट ठेवंल. त्याला कळणार न्हाई का?"

"पत्र्यात कोण बघतंय."

"न्हाई बघितलं तर?"

"तर दुकानदार अडकंल."

"अन् तो सहा असला तर?"

"तुमाला काय वाटतं? पाच का सहा?"

"मला काहीच वाटत न्हाई. मला दिसतच न्हाई." त्यांनी फोटो खाली ठेवले. "तुमी त्या पाचाकडं कसं बघायलाव, ते मातर मला दिसायलंय."

मला राग आला. "तुमची बायको घरात भाकरी थापायली, म्हणून सुचतं तुमाला," असं बोललो. आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. मी फोटो उचलून घरी आलो.

घरी साफ आलेला फोटो खुंटीजवळ भिंतीला टेकवून ठेवला आणि समोर बसून भाकरी खाल्ली. लय दिवसांनी घास नीट उतरला. पाचाकडं बघून बरं वाटत होतं. काम झाल्यासारखं, कोर्टात निकाल लागल्यासारखं. ताट धुतलं, आणि धुताना लक्षात आलं की मला आता साहेबांच्या पत्राची वाट बघायची गरजच राहिली न्हाई. तारीख काय होती हे मला आता कळून घ्यायचं नव्हतं. कंपनीनं उद्या सहा लिहून पाठवलं असतं तर मी कंपनीलाच खोटं ठरवलं असतं. बनवलेला पाच मी खरा मानून जेवलो होतो. वरवंटा मीच फिरवला, पेन्सिलही मीच फिरवायला लावली. तिच्या गोळीची तारीख मी दोनदा मिटवली.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पुसट फोटो आणि साफ फोटो शेजारी ठेवून बसलो. पुसट फोटो दिव्याजवळ नेऊन पुन्हा बघितला. न्हाई पाच, न्हाई सहा.

सकाळी आंघोळ केली. साफ आलेला फोटो चुलीत घातला. त्या कागदाचा वास लय घाण आला, धूर घरभर झाला. गुरुजींच्या दारात जाऊन त्यांच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, काल वाईट बोललो." त्या म्हणाल्या, "चहा घ्या अन् जा." घेतला. एसटीनं सेलू, तिथून रेल्वेनं परभणी.

साहेबांनी तिन्ही तुकड्यांचे फोटो बघितले, मग भिंगातून पाकीट बघितलं. लय वेळ बघितलं. पत्र्यावर बोट न्हाई ठेवलं, बोटाची सावली पाडून बघितली.

"बॅच नंबर स्वच्छ आहे. बनवल्याची तारीख आहे. मुदतीचं वर्ष वाचता येत नाही. पाच असेल किंवा सहा."

"व्हय."

"हे टोक कशानं दबलं? दुकानातून असंच आलं होतं का?"

त्या घडीला मी 'असंच आलं' म्हणू शकलो असतो. कुणाला ठाऊक नव्हतं, गुरुजी सोडून.

"मी वरवंट्यानं दाबलं," मी म्हणालो. "बघायला सोपं पडावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अर्ज पुढं ओढला. मुदतीच्या रकान्यात लिहिलं, महिना फेब्रुवारी, वर्ष अस्पष्ट. खाली आणखी एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली, की अर्जदाराकडून अजाणता दाबले गेले. म्हणाले, "कंपनीला लिहितो. बॅच नंबर आहे, उत्तर यायला हवं. पण कधी येईल ते मी सांगू शकत नाही."

ते उत्तर मला मिळालं न्हाई. दोन खेपा घातल्या, तोवर साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांना फाईल सापडत नव्हती. पण ते पुढचं.

त्या सकाळी त्यांनी पाकीट खाकी लिफाफ्यात घातलं. लिफाफ्यात सरळ जाईना, तर ते जरा दाबायला लागले. मी म्हणालो, "साहेब, दाबू नका." त्यांनी मोठा लिफाफा मागवला, त्यात ते वाकडंच्या वाकडं ठेवलं आणि लाख तापवून सील लावलं.

"इथं सही करा, आजोबा."

मी केली.